प्लेटवरची कॉलनी जर्नलमध्ये कशी लिहायची?

लघवीचा कल्चर रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस का लागतात, हा प्रश्न बहुतेक घरांत कधी ना कधी पडतो. रक्तातली साखर तासाभरात कळते, मग यालाच एवढा वेळ का? कारण इथे जिवाणू आधी वाढवावा लागतो. नमुना माध्यमाच्या प्लेटवर ओढतात, प्लेट रात्रभर इन्क्युबेटरमध्ये राहते आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी ती उजेडाकडे धरून त्यावर उगवलेले ठिपके नीट पाहतं. पुढे कोणती चाचणी लावायची, कोणता ठिपका उचलायचा, हे त्या पाहण्यावर ठरतं.

बी.एस्सी.ला मायक्रोबायॉलॉजी घेतलेल्या मुलांच्या जर्नलमध्ये याच पाहण्यासाठी एक तक्ता असतो, ‘कॉलनी कॅरेक्टर्स’ नावाचा. साइज, शेप, कलर, मार्जिन, एलेव्हेशन, सरफेस, कन्सिस्टन्सी, ओपॅसिटी असे रकाने. बरेचदा तो शेजारच्या जर्नलवरून भरला जातो, कारण रकान्यांची नावं पाठ असतात पण प्रत्येक रकान्यात नेमकं काय पाहायचं हे कोणी दाखवलेलं नसतं. या लेखात ते एका प्लेटच्या आधाराने पाहू. प्लेट आहे मॅकॉन्की अगरची, आणि तिच्यावर दोन प्रकारच्या गुलाबी कॉलन्या आहेत. घाईत पाहणाऱ्याला त्या एकच वाटतील.

## कॉलनी म्हणजे काय?

ई. कोलाय हा आपल्या आतड्यातला जिवाणू जेमतेम दोन मायक्रोमीटर लांब असतो, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये असे पाचशे एकापुढे एक मावतील. तो एकटा डोळ्यांना दिसणं शक्य नाही. पण त्याला घट्ट माध्यमावर ठेवलं, खायला-प्यायला दिलं, तर अनुकूल परिस्थितीत तो साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. माध्यम घट्ट असल्यामुळे पिल्लं लांब वाहून जात नाहीत, तिथेच साठत राहतात. सकाळपर्यंत कोट्यवधी पेशींचा एक ठिपका दिसू लागतो. ती कॉलनी.

ती एकाच पेशीपासून सुरू झाली असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात सुरुवात दोन-चार पेशींच्या पुंजक्यापासूनही झालेली असू शकते. हे गृहीतक किती खरं, याकडे पुढे परत यावं लागेल.

घट्ट माध्यमाची ही युक्ती रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत आकाराला आली. सुरुवातीला त्यांनी उकडलेल्या बटाट्याच्या कापांवर जिवाणू वाढवले, मग जिलेटिन वापरलं. जिलेटिन शरीराच्या तापमानाला वितळतं आणि काही जिवाणू ते पचवूनही टाकतात. त्याऐवजी समुद्री शेवाळापासून मिळणारं अगर वापरा, ही सूचना फॅनी हेस यांची. त्या ते स्वयंपाकघरात वापरत असत. १८८७ मध्ये यूलियुस रिचर्ड पेट्री यांनी झाकणाची सपाट बशी वापरायला सुरुवात केली. आजची ९० मिलिमीटरची पेट्री प्लेट तिचीच वंशज आहे.

## तक्त्याच्या आधीच्या चार गोष्टी

कॉलनीचं रूप फक्त जिवाणूवर ठरत नाही. माध्यम कोणतं, तापमान किती, किती तास ठेवलं आणि हवेत ठेवलं की हवेविना, या चार गोष्टी बदलल्या की रूप बदलतं. म्हणून त्या तक्त्याच्या वर लिहाव्यात. त्या नसतील तर खाली कितीही बारकाईने लिहिलेलं असलं तरी ते दुसऱ्या कोणाला पडताळता येत नाही.

सेराशिया मार्सेसन्स हा जिवाणू घ्या. २५ ते ३० अंश सेल्सिअसला त्याच्या कॉलन्या कुंकवासारख्या लालभडक येतात. तोच जिवाणू, तेच माध्यम, पण इन्क्युबेटर ३७ अंशांवर ठेवला तर रंगद्रव्य जवळजवळ बनतच नाही आणि कॉलन्या पांढुरक्या येतात. एकाने ‘लाल’ लिहिलं, दुसऱ्याने ‘पांढरा’. दोघांचंही बरोबर आहे, आणि तापमान लिहिलेलं नसेल तर दोन वेगळे जिवाणू आहेत असाच समज होणार.

वेळेचंही तसंच. न्यूमोनियाचा स्ट्रेप्टोकॉकस ब्लड अगरवर सुरुवातीला छोट्या घुमटासारखा वाढतो. जास्त वेळ ठेवला की मधल्या जुन्या पेशी स्वतःच्याच विकरांनी फुटतात आणि कॉलनीचा मध्य खचतो. घुमट आणि खड्डा ही एकाच कॉलनीची दोन वयं आहेत.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या नोंदीतून सुटते: कॉलनी प्लेटवर कुठली घेतली. स्ट्रीक करताना पहिल्या भागात जिवाणूंची गर्दी असते, शेवटच्या भागात ते विरळ होतात. गर्दीतल्या कॉलन्यांना अन्न कमी मिळतं, त्या लहान राहतात आणि एकमेकींना दाबून त्यांचे काठ वाकडे होतात. साइज, फॉर्म आणि मार्जिन नेहमी सुट्या उगवलेल्या कॉलनीचेच लिहायचे, म्हणजे जिच्या चारही बाजूंना मोकळी जागा आहे तिचे. प्लेटवर एकही सुटी कॉलनी नसेल तर तक्ता भरू नये. पुन्हा स्ट्रीक करावं.

## वरून काय दिसतं, बाजूने काय

आता प्रत्यक्ष पाहणं. झाकण न उघडता सुरुवात करा. प्लेट उलटी करून खालच्या बाजूने मिलिमीटरची पट्टी लावा आणि तीन ते पाच सुट्या कॉलन्या मोजा. साइजच्या रकान्यात ‘लहान’, ‘मध्यम’ लिहिण्यापेक्षा ‘२ ते ३ मिमी’ असं लिहावं, कारण लहान म्हणजे किती हे प्रत्येकाचं वेगळं असतं. एक मिलिमीटरच्या आतल्या, टाचणीच्या टोकाएवढ्या कॉलनीला पंक्टिफॉर्म म्हणतात. तिच्या बाबतीत बाकीचे बरेच रकाने नुसत्या डोळ्यांनी भरताच येत नाहीत, भिंग लागतं.

फॉर्म म्हणजे वरून पाहिल्यावर दिसणारी पूर्ण कॉलनीची आकृती. जर्नलच्या तक्त्यात यालाच शेप म्हटलेलं असतं. गोल असेल तर सर्क्युलर, ओबडधोबड असेल तर इररेग्युलर, धाग्यांचं जाळं असेल तर फिलामेंटस, मुळांसारख्या फांद्या फुटलेल्या असतील तर राइझॉइड. रोजच्या कामात नव्वद टक्के वेळा पहिल्या दोनच शब्दांची गरज पडते असा माझा अनुभव आहे.

एलेव्हेशन म्हणजे बाजूने पाहिल्यावर दिसणारा उंचवटा, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. ताटात भाकरी आणि इडली शेजारी ठेवली तर वरून दोन्ही गोलच दिसतात. फरक कळायला मान खाली करून ताटाच्या कडेला डोळा न्यावा लागतो. प्लेटचंही तसंच करायचं. ती डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरा आणि दिव्याचा उजेड एका बाजूने तिरपा पडू द्या. भाकरीसारखी पसरलेली कॉलनी ती फ्लॅट. इडलीच्या वरच्या बाजूसारखी गोलाई असलेली ती कॉन्व्हेक्स, आणि ती गोलाई अगदीच कमी असेल तर लो कॉन्व्हेक्स. कडेला पायरीसारखी उचललेली पण माथा सपाट असलेली ती रेझ्ड. रेझ्ड आणि कॉन्व्हेक्स सर्रास एकमेकांच्या जागी लिहिले जातात, म्हणून माथ्याकडे मुद्दाम पाहावं. त्यावर पडलेलं दिव्याचं प्रतिबिंब एका छोट्या बिंदूत गोळा झालं तर माथा गोल आहे, आणि पसरट दिसलं तर सपाट. याशिवाय मध्यभागी बोंड असलेली अंबोनेट आणि मध्यभागी खड्डा असलेली क्रेटरिफॉर्म. मघाचा न्यूमोनियाचा जिवाणू वय झाल्यावर या शेवटच्या शब्दात बसतो.

## काठ आणि आकृती यांची गल्लत

मार्जिन म्हणजे कॉलनीचा काठ. मग फॉर्म आणि मार्जिन वेगळे कसे? फॉर्म लांबून पाहायचा, मार्जिन जवळून. पूर्ण आकृती गोल असूनही तिचा काठ बारीक कातरलेला असू शकतो. एखाद्या सुट्या कॉलनीच्या कडेच्या छोट्याशा भागावर भिंग धरा आणि फक्त तेवढा तुकडा पाहून शब्द निवडा. सलग, नितळ काठ असेल तर एन्टायर. हलक्या लाटा असतील तर अन्ड्युलेट. लाटा खोल जाऊन पाकळ्या तयार झाल्या असतील तर लोबेट. दातेरी, कुरतडल्यासारखा असेल तर इरोज. कडेतून धागे बाहेर पडत असतील तर फिलिफॉर्म.

बॅसिलस सबटिलिस हा मातीतला जिवाणू न्यूट्रिएंट अगरवर वाढवून पाहिला की हा फरक मनात पक्का होतो. त्याच्या कॉलन्या इररेग्युलर, काठ अन्ड्युलेट ते लोबेट, पृष्ठभाग निस्तेज आणि कोरडा, पुढे सुरकुत्या पडलेला. त्याच माध्यमावर शेजारी ई. कोलाय ओढला तर तो सर्क्युलर, एन्टायर, चकचकीत येतो. शिकवताना पहिली प्लेट या दोघांची द्यावी असं मला वाटतं, कारण बहुतेक रकाने वेगळे येतात आणि बऱ्याच शब्दांना समोर उदाहरण मिळतं.

काठ बिघडण्याची दोन कारणं जिवाणूशी संबंधित नसतात. प्लेट सरळ ठेवून इन्क्युबेट केली तर झाकणाला धरलेलं पाणी खाली ठिबकतं, कॉलन्या ओघळतात आणि काठ फिसकटतो. म्हणून प्लेट नेहमी उलटी ठेवतात. दुसरं, ओतल्यावर पृष्ठभाग नीट सुकू न दिलेली ओली प्लेट. तिच्यावर हालचाल करणारे जिवाणू पाण्याच्या पातळ थरातून पसरतात. प्लेटवरच्या सगळ्या कॉलन्यांचे काठ एकाच दिशेला ओघळलेले दिसले तर मार्जिनच्या रकान्यात शब्द शोधत बसू नये. प्लेट बिघडली आहे, तसंच लिहावं.

प्रोटिअस हा तिसरा प्रकार. तो न्यूट्रिएंट अगरवर किंवा ब्लड अगरवर लाटांमागून लाटा काढत सगळी प्लेट व्यापतो. इथे सुटी कॉलनी उरतच नाही, तेव्हा फॉर्म आणि मार्जिन भरण्याऐवजी ‘स्वॉर्मिंग’ एवढीच नोंद खरी. मॅकॉन्कीमधले पित्तक्षार हे पसरणं रोखतात, त्यामुळे तिथे त्याच्या सुट्या कॉलन्या मिळतात.

## डोळ्यांनी पाहायचा पोत, लूपने पाहायचा पोत

टेक्श्चर या शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. काही तक्त्यांत तो पृष्ठभागासाठी असतो, काहींत घट्टपणासाठी. त्यामुळे दोन्ही वेगवेगळं लिहिणंच चांगलं.

पृष्ठभाग, म्हणजे सरफेस, नुसता पाहून कळतो: स्मूथ, रफ, सुरकुतलेला, चकचकीत की निस्तेज. इथेही तिरपा उजेड हवा. ओपॅसिटीसाठी मात्र उजेड आरपार जाऊ द्यावा लागतो. प्लेट छापील कागदावर धरा. कॉलनीखालचं अक्षर वाचता आलं तर ट्रान्सपरंट. उजेड येतो पण अक्षर लागत नाही तर ट्रान्सल्युसंट. काहीच दिसत नाही तर ओपेक.

कन्सिस्टन्सी म्हणजे घट्टपणा. तो कळायला कॉलनीला हात लावावा लागतो, म्हणजे बर्नरजवळ झाकण अर्धवट उचलून, तापवून गार केलेल्या निक्रोम लूपने. लूप लावली की कॉलनी मोडते, म्हणून हा रकाना सगळ्यात शेवटी. लूपवर मऊ, लोण्यासारखा गोळा सहज आला तर ब्युटायरस. चिकट, शेंबडासारखा आला आणि लूप वर नेताना तार धरली तर म्युकॉइड. कॉलनी पापुद्र्यासारखी तुटली किंवा आख्खीच सरकली तर कोरडी, ड्राय. मग तोच गोळा स्लाइडवरच्या सलाइनच्या थेंबात घोळून पाहा. ब्युटायरस कॉलनीचं एकसारखं दुधाळ मिश्रण होतं. कोरड्या कॉलनीचे कण तरंगत राहतात. हे मिश्रण पुढे ग्रॅम स्टेनिंगलाही उपयोगी पडतं, आणि कण राहिले असतील तर स्मिअर जाडाभरडा होणार हे आधीच कळतं.

वासाचा रकाना जुन्या तक्त्यांत सापडतो. तो भरण्यासाठी प्लेट नाकाजवळ नेऊ नये. रुग्णाच्या नमुन्यात काय वाढलं आहे हे अजून माहीत नसतं, आणि काही जिवाणू श्वासावाटेच बाधतात.

गुळगुळीत आणि खरबरीत हे दोन शब्द किती मोलाचे ठरू शकतात याचं उदाहरण लंडनमध्ये घडलं. फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी १९२८ मध्ये न्यूमोनियाच्या जिवाणूवरचं काम प्रसिद्ध केलं. त्यांच्याकडे दोन प्रकार होते. स्मूथ कॉलनीचा प्रकार उंदराला मारायचा, रफ कॉलनीचा मारायचा नाही. स्मूथ प्रकाराच्या पेशीभोवती साखरेच्या साखळ्यांचं आवरण असतं. त्याला कॅप्सूल म्हणतात आणि त्याच्यामुळे कॉलनी चकाकते. रफ प्रकाराला ते नसतं. ग्रिफिथ यांनी उष्णतेने मारलेले स्मूथ आणि जिवंत रफ एकत्र टोचले, तेव्हा उंदीर मेले आणि त्यांच्या रक्तातून जिवंत स्मूथ कॉलन्या मिळाल्या. मेलेल्या जिवाणूकडून जिवंताकडे काहीतरी गेलं होतं. ते डीएनए आहे हे १९४४ मध्ये एव्हरी, मॅक्लिओड आणि मॅकार्टी यांनी दाखवलं. या सगळ्या शोधात बदल झाला हे आधी कळलं ते प्लेटवरच्या कॉलनीच्या पृष्ठभागावरून.

## आपली प्लेट: दोन गुलाबी कॉलन्या

आता सुरुवातीच्या प्लेटकडे. मॅकॉन्की अगरमध्ये लॅक्टोज ही दुधातली साखर, पित्तक्षार आणि न्यूट्रल रेड नावाचा रंग असतो. जो जिवाणू लॅक्टोज आंबवतो तो आम्ल तयार करतो, आम्लात न्यूट्रल रेड लालसर होतो आणि कॉलनी गुलाबी येते. ई. कोलाय आणि क्लेबसिएला न्यूमोनिए हे लघवीच्या संसर्गात वारंवार सापडणारे दोन्ही जिवाणू लॅक्टोज आंबवतात. म्हणजे रंगाचा रकाना दोघांना ‘गुलाबी’च देणार. दोघांचा फॉर्म सर्क्युलर, दोघांचं मार्जिन एन्टायर. तक्ता अर्धा भरून थांबलं तर ‘गोल, गुलाबी, सलग काठ’ अशी एकच कॉलनी लिहिली जाईल आणि प्लेटवर एकच जिवाणू आहे असा निष्कर्ष निघेल.

पट्टी लावली, बाजूने पाहिलं, शेवटी लूप लावली, की नोंद अशी होते:

माध्यम मॅकॉन्की अगर, ३७ अंश सेल्सिअस, २४ तास, हवेत. शेवटच्या भागातल्या सुट्या कॉलन्या.

कॉलनी अ: २ ते ३ मिमी, सर्क्युलर, लो कॉन्व्हेक्स, एन्टायर, स्मूथ, ओपेक, ब्युटायरस. रंग गडद गुलाबी, भोवतीच्या माध्यमातही गुलाबी धूसर वलय. सलाइनमध्ये एकसारखी मिसळते.

कॉलनी ब: ४ ते ५ मिमी, सर्क्युलर, कॉन्व्हेक्स, एन्टायर, चकचकीत, म्युकॉइड. रंग अ पेक्षा फिकट गुलाबी, वलय नाही. शेजारच्या कॉलन्या एकमेकींत मिसळतात. लूप उचलताना तार धरते.

दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्यावर फरक कुठे पडला ते पाहा: साइज, एलेव्हेशन, कन्सिस्टन्सी. रंगात पडला तो छटेत आणि वलयात. अ भोवतीचं वलय म्हणजे आम्लामुळे साका झालेले पित्तक्षार, ई. कोलायकडून याची अपेक्षा असते. ब चा फुगीरपणा आणि तार ही जाड कॅप्सूलची खूण, कारण ते आवरण भरपूर पाणी धरून ठेवतं. अशी तार पाच मिलिमीटरपेक्षा जास्त लांब गेली तर क्लेबसिएलाच्या बाबतीत ती वेगळी नोंदवतात, कारण अतिचिकट प्रकार काही वेळा गंभीर आजाराशी जोडलेले असतात. म्हणून नुसतं ‘तार धरते’ न लिहिता पट्टी जवळ ठेवून लांबी लिहिलेली चांगली.

इथे एक शब्द निवडताना मी स्वतः थांबून विचार करते: ब साठी सरफेसमध्ये ‘म्युकॉइड’ लिहायचं की कन्सिस्टन्सीमध्ये? चकाकी डोळ्यांना दिसते, तार लूपला कळते. म्हणून चकचकीत हे सरफेसला आणि म्युकॉइड हे लूप लावल्यावर कन्सिस्टन्सीला. लूप लावायच्या आधीच म्युकॉइड लिहिलं असेल तर तो अंदाज आहे, आणि ओली प्लेट असा अंदाज चुकवू शकते.

## मग जिवाणू ओळखला का?

नाही. अ हा ई. कोलाय आहे आणि ब हा क्लेबसिएला, असं या नोंदीवरून लिहिता येत नाही. ई. कोलायचे काही प्रकारही म्युकॉइड येतात. एंटरोबॅक्टरही गुलाबी आणि चिकट कॉलनी देतो. नोंदीने एवढंच सिद्ध केलं की प्लेटवर किमान दोन प्रकार आहेत आणि ते वेगवेगळे उचलायला हवेत.

पुढची पायरी म्हणजे दोन्ही कॉलन्या न्यूट्रिएंट अगरवर स्वतंत्रपणे पुन्हा स्ट्रीक करणं. मॅकॉन्कीवर बरेच जिवाणू मरत नाहीत, नुसते दबून राहतात. सुट्या, सुबक दिसणाऱ्या कॉलनीच्या खाली किंवा कडेला असा एखादा दबलेला सोबती असू शकतो. एका कॉलनीत एकाच पेशीची संतती असते हे गृहीतक इथे फसतं. न्यूट्रिएंट अगरवर त्याला मोकळीक मिळते आणि दुसऱ्या दिवशी दोन रूपं दिसली तर उचललेली कॉलनी शुद्ध नव्हती हे उघड होतं. सगळ्या सुट्या कॉलन्या तक्त्यात एकसारख्या आल्या, ग्रॅम स्टेनमध्येही एकच रूप दिसलं, की जैवरासायनिक चाचण्या लावायच्या. आपल्याकडे प्रॅक्टिकलला होणाऱ्या इम्व्हिक या चार चाचण्यांत ई. कोलाय साधारणपणे पहिल्या दोन, म्हणजे इंडोल आणि मिथाइल रेड, पॉझिटिव्ह देतो. क्लेबसिएला न्यूमोनिए नेमका उलटा, व्हीपी आणि सिट्रेट पॉझिटिव्ह. जिवाणूचं नाव इथून पुढे येतं.

म्हणूनच जर्नलमध्ये कॉलनीच्या रकान्यात ‘ई. कोलायसारखी’ असं कधीही लिहू नये. तो निष्कर्ष झाला. निष्कर्ष चुकला तर मूळ निरीक्षणही हातचं जातं, कारण ‘ई. कोलायसारखी’ यावरून कॉलनी किती मिलिमीटरची होती हे मागे जाऊन काढता येत नाही.

## यंत्र काही मिनिटांत नाव सांगतं, मग हे कशाला?

हा आक्षेप रास्त आहे. मोठ्या रुग्णालयांत आता माल्डी-टॉफ नावाचं यंत्र असतं. ते कॉलनीतल्या प्रथिनांच्या वजनाचा आराखडा काढून साठवलेल्या आराखड्यांशी ताडून पाहतं आणि काही मिनिटांत नाव देतं. जनुकीय क्रम वाचूनही ओळख पटते.

पण माल्डी-टॉफच्या पट्टीवर कॉलनी कोणीतरी उचलून ठेवावी लागते. आपल्या प्लेटवरून फक्त अ उचलली तर यंत्र अचूक नाव देईल आणि ब चा उल्लेख रिपोर्टमध्ये येणारच नाही. अ आणि ब चा मिश्र डाग ठेवला तर आराखडा गढूळ होतो. कधी नाव येत नाही, कधी दोघांपैकी जोरात वाढलेल्याचंच येतं. कोणत्या कॉलन्या आणि किती प्रकारच्या, हा निर्णय यंत्राच्या आधी होतो, आणि त्या निर्णयाचा कागद म्हणजे हा तक्ता.

## मोबाइलने फोटो काढला तर?

काढावाच. प्लेटशेजारी पट्टी ठेवून, तारीख आणि नमुन्याचा क्रमांक दिसेल असा. एक फोटो काळ्या पार्श्वभूमीवर आणि एक आरपार उजेडात काढला तर साइज, फॉर्म, मार्जिन आणि ओपॅसिटी नंतरही पडताळता येतात.

रंगाच्या बाबतीत मात्र फोटोवर विसंबू नये. मोबाइल आपोआप रंग दुरुस्त करतो. ट्यूबलाइटखाली अ ची गडद छटा आणि ब ची फिकट छटा एकमेकींजवळ सरकतात. रंग प्लेट समोर असतानाच, शक्यतो दिवसाच्या उजेडात लिहावा. तो कॉलनीतच आहे की माध्यमातही पसरला आहे, हेही लिहावं. वरून काढलेल्या फोटोत एलेव्हेशन येत नाही, कन्सिस्टन्सी तर कुठल्याच फोटोत येत नाही. आपल्या प्लेटवर अ आणि ब वेगळ्या पाडल्या त्या मुख्यतः याच दोन रकान्यांनी.

काम संपल्यावर प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये जाते, १२१ अंशांना. तिथे अगर वितळतं आणि कॉलन्या नाहीशा होतात. त्यामुळे प्लेट टाकायला देण्याआधी जर्नल उघडून रिकामा राहिलेला रकाना आहे का ते बघावं. बहुतेक वेळा तो एलेव्हेशनचाच असतो.